डिटेन्शनच्या बिलात रिकामा कंटेनर परत केल्याची तारीख तपासा

न्हावा शेव्याहून जळगावच्या डाळ मिलपर्यंत आलेल्या कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे फ्री दिवसांनंतरही कंटेनर ठेवल्याबद्दल शिपिंग लाइन लावते ते शुल्क, लॉजिस्टिक्स कंपनी आपल्या बिलात एकाच आकड्यात लावते, त्यामुळे दिवस जास्त मोजले तरी लक्षात येत नाही.

१. बिलासोबत शिपिंग लाइनचं मूळ इन्व्हॉइस आणि रिकामा कंटेनर यार्डात जमा झाल्याची ईआयआर पावती मागा. मोजणी याच पावतीच्या तारखेला थांबते, कागद कंपनीकडे पोहोचल्याच्या तारखेला नव्हे.

२. फ्री दिवस कधीपासून धरलेत ते लाइनच्या टॅरिफमध्ये बघा. बहुतेकदा ते कंटेनर जहाजातून उतरल्यापासून सुरू होतात, तुमच्या गाडीवर चढल्यापासून नाही.

३. मग स्लॅबनुसार स्वतः हिशेब करा. समजा, कंटेनर ३ तारखेला उतरला, त्या दिवसासह ७ दिवस फ्री, पुढचे ५ दिवस रोज ३,००० आणि नंतर रोज ६,००० रुपये. ईआयआर १४ तारखेची असेल तर १० ते १४ मिळून १५,००० होतात. बिलात १७ तारीख धरली असेल तर ३३,००० येतात, कारण वाढीव तीनही दिवस महागड्या स्लॅबमध्ये पडतात. जीएसटी वेगळा.

पोर्टचं आणि सीएफएसचं, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचं, भाडं यात मिसळू देऊ नका. त्याची मूळ पावती वेगळी घ्या.

यार्ड भरलंय म्हणून गाडी परत पाठवली, तर ड्रायव्हरकडून गेटचा वेळेसह फोटो घ्या आणि त्याच दिवशी लाइनला ईमेल करा. नंतरच्या तोंडी तक्रारीवर सूट मिळणं फार अवघड असतं.