‘माझ्यापेक्षा चहा’ म्हणजे नेमकं काय?

‘सुमनला माझ्यापेक्षा चहा जास्त आवडतो.’ इथे चहाची आवड मला कमी, की चहापुढे मीच कमी? ‘पेक्षा’ लागला की ‘मी’ आणि ‘मला’ दोन्हींचं ‘माझ्या’च होतं, त्यामुळे विभक्तीवरून उलगडा होत नाही.

गाळलेलं क्रियापद परत घाला. ‘मला आवडतो त्यापेक्षा सुमनला चहा जास्त आवडतो’ ही दोन चहाबाजांची तुलना. ‘मी आवडतो त्यापेक्षा…’ ही तक्रार! बोलणारी बाई असेल तर तक्रारीत ‘आवडते’ येईल. पहिल्यात ‘आवडतो’च राहील, कारण तिथलं क्रियापद चहाप्रमाणे चालतं.

एवढं लांबण नको असेल, तर शब्द हलवा: ‘चहा माझ्यापेक्षा सुमनला जास्त आवडतो.’ ‘माझ्यापेक्षा’ सुमनला चिकटलं की तुलना बहुधा आम्हा दोघांचीच वाटते.