मैदा सोडला तरी शुगर हलत नाही? पोळीच्या पिठात होणाऱ्या या चुका टाळा

शुगर निघाली की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला, मैदा बंद कर अन् पोळी खा. सल्ला खोटा नाही पण अर्धाच आहे. कित्येक जण पाव, समोसा, टोस्ट सोडून महिना-दीड महिना नुसत्या पोळ्यांवर राहतात, मग रक्त तपासायला जातात आणि आकडा जिथल्या तिथंच, मग सुरू होतं की "काहून बाप्पा, मैदा त सोडला ना मी!" मैदा सोडला हे खरं, पण कणकेचं काय केलं ते कोणी विचारत नाही.

आधी दळताना गव्हातून काय जातं ते पाहू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. गिरणीत मैदा कसा निघतो हे गावातल्या बायकांना आधीच माहीत आहे, फक्त त्याला कोणी मैदा म्हणत नाही. शेवयांसाठी गहू ओलवतात, कपड्यात बांधून ठेवतात, जरासा सुकवतात आणि मग चक्कीवर नेतात. ओलवायचं कारण असं की पाण्यानं दाण्यावरचं साल चिवट होतं, दळताना त्याचा चुरा होत नाही, मोठे मोठे पापुद्रे राहतात, आणि आतला पांढरा गर मऊ होऊन सालापासून सहज सुटतो. मग चाळलं की वर कोंडा राहतो, मधात रवा, आणि कपड्यातून गाळलं की खाली पांढरं सपीठ. मोठ्या रोलर मिलमध्ये हेच होतं, गव्हाला पाणी देऊन ठेवतात, दात असलेल्या रोलरमधून दाणा फोडतात, चाळतात, परत रोलर, परत चाळणी, आणि शेवटी जे उरतं तो मैदा.

दाण्यात साधारण ८३ टक्के हा पांढरा गर असतो, १४ टक्के कोंडा आणि अडीच-तीन टक्के अंकुर. गर म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि काही प्रथिनं. फायबर, मॅग्नेशियम, लोह आणि बी गटातली जीवनसत्त्वं यांचा मोठा भाग कोंड्यात आणि अंकुरात असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत फायबर ११ ग्रॅमच्या वर आहे आणि मैद्यात ३ ग्रॅमपेक्षा कमी. प्रथिनं मात्र दोन्हीत जवळपास सारखीच, १० ग्रॅमच्या आसपास. आणि आता खरी गोष्ट, अंगात जाऊन साखर बनणारं कर्बोदक मैद्यात ७४ ग्रॅमच्या आसपास, तर कणकेत ६४. म्हणजे फरक आहे, पण कणीक काही बिनसाखरेची वस्तू नाही हो.

पहिली चूक: चक्कीवरून आणलेली कणीक घरी बारीक चाळून घेणे

पाहुण्यांसमोर पोळी पांढरी अन् मऊ दिसली पाहिजे म्हणून घरात पिठाची चाळणी असतेच, त्यातही काही घरी अगदी बारीक जाळीची. चाळलेला कोंडा जातो गाईच्या टोपल्यात. गाय खुश, पण घरचा शुगरवाला माणूस जे खातो ते हळूहळू मैद्याच्या वाटेनं सरकत जातं.

किती सरकतं हे घरीच पाहता येतं. दळण आणलं की १ किलो कणीक मोजा, नेहमीच्या चाळणीनं चाळा आणि वर राहिलेला कोंडा किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. ३०-४० ग्रॅम भरला तर काळजी नको, तेवढं साल गेलं तरी बाकीचं पिठात आहे. पण १०० ग्रॅमच्या वर गेला तर विचार करा, कारण कोंड्यात जवळपास ४० टक्के फायबरच असतं, म्हणजे किलोमागे ४० ग्रॅम फायबर गाईला दिलं, आणि त्या किलोत होतंच मुळात ११०-११५ ग्रॅम. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेलं की! चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीनं चाळा, खडा-काडी निघाली की पुरे. पोळी जाड होते, कडा फाटतात ही तक्रार असेल तर कणीक थोडी सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा, कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो, तेवढा दिला की पोळी बरोबर लाटल्या जाते.

चक्कीवाल्याला "एकदम बारीक काढ" सांगणं हाही त्याचाच भाऊ. दाणा जितका बारीक पिसला तितका पोटातला रस त्याच्या स्टार्चपर्यंत लवकर पोचतो आणि साखर लवकर रक्तात येते. म्हणून तर बाजारातला बारीक दळलेल्या अख्ख्या गव्हाचा ब्रेड आणि पांढरा ब्रेड यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तात साखर किती चढते ते सांगणारा आकडा, जवळपास सारखाच निघतो, दोन्ही ७५ च्या आसपास, कोंडा असूनही. रोडग्याला जाडसर कणीक लागते हे आपल्याला माहीतच आहे, रोजच्या पोळीला तेवढी जाड नको, पण रोडग्याच्या आणि सपिठाच्या मधात कुठंतरी थांबायला काय हरकत.

दुसरी चूक: कोंडा आहे म्हणून पोळ्या न मोजणे

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त लोक करतात ती. एक उदाहरण घ्या. शेतावर जाणारे एक काका, वय साठीच्या जवळ, शुगरची गोळी सुरू. संध्याकाळी चाळलेल्या कणकेच्या पाच पोळ्या आणि आलूचा रस्सा. जेवणाआधी मशीनवर १३२, पहिल्या घासापासून दोन तासांनी २२४. मग घरच्यांनी चाळणं बंद केलं, पोळ्या तीन केल्या, सोबत वाटीभर घट्ट वरण आणि मेथीची भाजी. पुढच्या वेळी आधी १३० आणि दोन तासांनी १७६. काका गावभर सांगत सुटले की कोंड्यानं शुगर उतरली.

आता हिशोब करून पाहा. एका पोळीला अंदाजे ३० ग्रॅम कणीक धरली तर पाच पोळ्यांची १५० ग्रॅम, त्यात कर्बोदक ९५ ग्रॅमच्या वर, आणि आलूचं वेगळंच. तीन पोळ्यांत ५८ ग्रॅमच्या आसपास, वर वरणाचं थोडं. म्हणजे मुख्य काम दोन पोळ्या कमी झाल्यानं आणि आलूच्या जागी वरण-भाजी आल्यानं झालं, कोंड्याचा वाटा असेल पण तो लहान. गव्हाचा कोंडा बहुतेक पाण्यात न विरघळणारा असतो, पोट साफ व्हायला चांगला, पण ओट्सच्या फायबरसारखं चिकट जेल करून साखरेची वाट अडवण्याचं काम तो फारसं करत नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून लोक कोंड्यावर सगळा भार टाकतात.

मग कोंड्याचा फायदा कुठं? पोट भरण्यात. चाळण न केलेल्या कणकेची पोळी चावावी लागते, घास हळू जातो, कोंडा पाणी धरून पोटात जागा घेतो, त्यामुळं तिसऱ्या पोळीवर थांबणं जमतं. मैद्याचं उलट, चहासोबत टोस्ट किंवा खारी किती गेली ते कळतच नाही आणि तासाभरात परत भूक. काकांना तीन पोळ्यांत भागलं ते त्या कोंड्यामुळं आणि वरणातल्या प्रथिनांमुळं, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

तुम्हाला फक्त पिठाचा फरक पाहायचा असेल तर बाकी काही बदलू नका. पोळ्या तेवढ्याच, भाजी तीच, गोळीची वेळ तीच, एक दिवस चाळलेली, एक दिवस न चाळलेली, दोन्ही वेळा जेवणाआधी आणि दोन तासांनी मशीन लावा. एकाच जोडीवरून निकाल लावू नका, मशीनचा आकडाही थोडा इकडंतिकडं होतो, त्यामुळं दोन-तीनदा पाहिलेलं बरं. आणि इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणारी गोळी सुरू असेल तर पोळ्या एकदम अर्ध्या करण्याआधी डॉक्टरला विचारा, शुगर ७० च्या खाली गेली तर शेतात चक्कर येऊन पडायची वेळ येते.

तिसरी चूक: रंग पाहून ब्राऊन ब्रेड, आटा बिस्किट आणि रवा चांगला समजणे

पाकिटावर गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं, रंग तपकिरी, भाव दहा रुपये जास्त. पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायचा नियम आहे, पहिलं नाव "रिफाइंड व्हीट फ्लोअर" किंवा मैदा असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, कणीक मागं कुठंतरी चिमूटभर. रंगासाठी कॅरॅमल टाकतात, ते यादीत "कलर १५०" अशा आकड्यानं दिसतं.

रव्याचं लोकांना नवल वाटतं, पण शेवयांच्या चाळणीत पाहिलं ना आपण, रवा म्हणजे कोंडा काढलेला गरच, फक्त जाडसर. "मैदा नाही ना, उपमाच खाल्ला" म्हणून दोन प्लेट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उपमा खाऊ नका असं नाही, त्यात वाटाणे, गाजर, शेंगदाणे भरपूर घाला आणि एकच प्लेट घ्या.

मैदा आतड्याला चिकटून राहतो हे पण गावात पक्कं बसलंय. तसं काही होत नाही, उलट तो फार लवकर पचतो, तक्रार तीच आहे.

शेवटची: उन्हाळ्यात दोन महिन्यांचं दळण एकदम आणणे

अख्ख्या गव्हाच्या कणकेत अंकुराचं तेल असतं. आपल्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हात टिनाच्या डब्यात भरलेली कणीक महिन्याभरात खवट वास मारायला लागते, पोळी कडवट लागते, मग घरचे म्हणतात हा कोंड्याचा कडूपणा आणि परत चाळणी निघते. मिलवाले अंकुर काढतात ते याच टिकण्यासाठी. चिमूटभर कणीक जिभेवर ठेवा, मागून कडू लागली तर ती जुनी झाली समजा. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांचंच दळा, चक्कीवरून आलेलं गरम पीठ परातीत पसरून थंड होऊ द्या आणि मग डब्यात भरा, झाकण लगेच लावलं तर आत वाफ धरून गुठळ्या होतात. आणि आजवर बारीक चाळलेलं खात आला असाल तर पहिला आठवडा अर्धी चाळलेली, अर्धी न चाळलेली अशी मिसळा आणि पाणी जास्त प्या, नाहीतर पोट फुगतं, गॅस धरतो, आणि घरात सगळा दोष नव्या कणकेवर जातो.