एफएक्यूचं पान कसं तपासायचं? हापूसच्या पेटीवरून सांगते

माझा मावसभाऊ रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पुण्या-मुंबईला घरपोच पाठवतो. त्याच्या वेबसाइटवर नेहमीच्या प्रश्नांचं पान होतं, तरी फोन काही थांबेनात, म्हणून या वर्षी आम्ही दोघं ते तपासायला बसलो.

आधी पान उघडूच नका. मागच्या सीझनचे शंभरेक व्हॉट्सअॅप मेसेज काढा आणि प्रश्न लोकांच्याच शब्दांत वहीत उतरवा, सारखा प्रश्न आला की पुढे एक रेघ मारा. आमच्याकडे सगळ्यात जास्त रेघा दोनच प्रश्नांपुढे पडल्या, "आंबे हिरवे आलेत, पिकणार कधी?" आणि "कापल्यावर आत पांढरं निघालं, आता काय?"

आता पान उघडा आणि वहीशी ताडून बघा. तिथे "आमचेच आंबे का घ्यावेत?" असं होतं, जे एकानेही विचारलेलं नव्हतं, ते काढलं. पांढऱ्या भागाचं उत्तर होतं पण "साका" या नावाखाली, आणि कोकणाबाहेरच्या माणसाला तो शब्द माहीत असेलच असं नाही. मग प्रश्न असा केला, "आंब्यात आत पांढरट, स्पंजसारखा भाग निघाला तर?" आणि साका हा शब्द उत्तरात घेतला.

पुढे रिपीट झालेली उत्तरं शोधा. Ctrl+F करून "तास", "परत", "रिफंड" असे शब्द टाका. आमच्याकडे तक्रारीची मुदत एका ठिकाणी 24 तास, दुसरीकडे 48, तिसरीकडे नुसतं "लवकरात लवकर". त्यातलं एक ठेवून बाकीची उडवायची एवढंच वाटलं होतं, पण नीट विचार केल्यावर कळलं की एकही बरोबर नाही, कारण साका बाहेरून दिसत नाही, फळ कडक येतं, पेंढ्यात चार-सहा दिवसांनी पिकतं आणि मग कापतात, तोवर 24 तास कधीच संपलेले! म्हणून भावाने नियमच दोन केले: वाटेत फुटलेल्या फळाचा फोटो 24 तासांत, आणि साक्याचा पेटी मिळाल्यापासून आठ दिवसांत. ते एकाच ठिकाणी लिहिलं, बाकी ठिकाणी तिथली लिंक.

शेवटी प्रत्येक उत्तराखाली विचारा, एवढ्याने काम झालं नाही तर माणूस जाणार कुठे? हे स्वतः नका बघू, घरातल्या दुसऱ्या कुणाला मोबाइल द्या आणि सांगा, रविवारची संध्याकाळ आहे, पेटी आली नाही, काय करशील? मावशी खाली-वर स्क्रोल करत राहिली, कारण नंबर कुठेच नव्हता, फक्त एक फॉर्म होता. आता उशिराच्या आणि खराब फळाच्या उत्तराखालीच व्हॉट्सअॅप नंबर, फोन उचलायची वेळ आणि ऑर्डर नंबर व फोटो तयार ठेवा अशी सूचना आहे.

स्वतःच्या साइटवर नियमित विक्री करत असाल तर 2020 चे ई-कॉमर्स नियमही बघा, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात. सरकारी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही आम्ही खाली टाकला. भाऊ आधी नको म्हणत होता, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला तो दिसायलाच हवा.