पहिल्या नोकरीची तयारी: जॉब कोच मागे कधी सरणार, ते आधी लिहा

डाउन सिंड्रोम असलेली मुलगी पहिल्या नोकरीला लागणार असेल, तर कागदपत्रांची चर्चा लांबवू नये. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड, आधार आणि मुलीच्या स्वतःच्या नावावरचे बँक खाते एवढे पुरते. अपंगांचे मासिक वेतन चालू असेल, तर पगारामुळे उत्पन्नाची अट मोडते का, हे नाडकचेरी या सरकारी कार्यालयात आधी विचारावे. डबा आणि रुमाल घरचे न सांगताच देतात. जे कोणीच सांगत नाही, ते म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा जॉब कोच तिच्याजवळून कोणत्या टप्प्याने दूर होणार. हे पहिल्या दिवसाच्या आधी कागदावर आले पाहिजे. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमके हेच राहिले. त्या वेळच्या मुलाला काम येत होते, पण कोच जाताच तो हातात ट्रे घेऊन उभा राहू लागला. तो काही विसरला नव्हता, कोचच्या आवाजाची वाट पाहत होता.

आता येळ्ळूरची एक मुलगी बेळगावात मिठाईच्या दुकानात कुंद्याचे डबे भरायला लागणार आहे, तिच्या निमित्ताने लिहितो. मालकाशी बोलताना ‘काहीही करेल’ असे कधीही म्हणू नये, काम बेतून घ्यावे. चपटा खोका उभा करणे, बटर पेपर घालणे, कुंदा भरणे, काट्यावर ठेवणे, झाकण लावणे, लेबल चिकटवणे, असे तुकडे करून प्रत्येक तुकडा कोचने स्वतः करून पाहावा. अवघड जागा काट्याची आहे, कारण आकडा कमी की जास्त हे ओळखून थोडे काढायचे किंवा घालायचे असते. तेवढा भाग सध्या दुकानात शेजारी काम करणाऱ्या मावशींकडे ठेवावा आणि उरलेले सर्व तिच्याकडे द्यावे. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेले लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेले लक्षात ठेवणे बहुधा सोपे जाते. म्हणून त्याच दुकानातल्या, त्याच खोक्याच्या फोटोंची पट्टी तिच्या डोळ्यांसमोर लावावी आणि लांबलचक सूचना देऊ नयेत.

मदतीचा क्रम मात्र पाठ असावा. ती थांबली तर आधी मनात पाच-सात अंक मोजून गप्प राहावे, मग फोटोकडे बोट दाखवावे, मग खूण करावी, बोलावे त्यानंतर आणि हात धरून दाखवावे सर्वांत शेवटी. तोंडी सूचना द्यायला सोपी असते आणि सुटायला सर्वांत चिवट, त्यामुळे ‘आता झाकण लाव गं’ हे वाक्य कोचने गिळावे. रोज प्रत्येक तुकड्यापुढे ‘स्वतः’, ‘खुणेने’ किंवा ‘सांगून’ यांपैकी एक शब्द लिहावा. एखादा तुकडा सलग तीन दिवस ‘स्वतः’ झाला, की त्या तुकड्याला कोचने शेजारून मागे जावे, मग गल्ल्यापाशी, मग दुकानाबाहेर. हे टप्पे तारखांसह मालकाला आणि घरच्यांना दाखवून ठेवावेत, नाहीतर ‘अजून थोडे दिवस राहा’ असे सगळेच म्हणतात आणि कोच तिथेच रुजतो.

कोच मागे सरतो तेव्हा त्या जागी कोणीतरी हवे, म्हणून मावशींना पहिल्याच दिवशी नेमावे. मुलीने कोचला काही विचारले तर कोचने उत्तर देऊ नये, मावशींकडे वळवावे. शाबासकीही मावशींनीच द्यावी. शिकवणी मराठीत आणि दुकानातली हाक कानडीत, ही आपल्याकडची नेहमीची गंमत असल्यामुळे ‘बा’ म्हणजे ये, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘निल्लु’ म्हणजे थांब, हे शब्द घरीच सरावाचे करावेत. बसच्या पाट्याही कानडीत असतात, तेव्हा आपल्या बसच्या पाटीचा फोटो तिच्या पिशवीत असावा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे तिला साध्या बसला तिकीट पडत नाही, तरी आधार दाखवून शून्य रकमेचे तिकीट घ्यावे लागते. कंडक्टरकडून ते मागून घेण्याचा सराव तिनेच करावा, सोबत गेलेल्या आईने नव्हे.

ती स्वतःशी बोलते, हे सहकाऱ्यांना आधी सांगावे. डाउन सिंड्रोममध्ये ते नेहमीचे आहे, वेड नव्हे. काही महिन्यांनी वेग अचानक उतरला, तर ‘आळशी झाली’ म्हणण्यापूर्वी थायरॉईड, कान आणि रात्रीची झोप तपासावी, कारण थायरॉईड मंदावणे, कमी ऐकू येणे आणि झोपेत श्वास अडकणे हे तिन्ही या मुलांत पुष्कळ आढळते.

पगार कोणत्या तारखेपासून सुरू होणार ते लेखी घ्यावे, ‘शिकते आहे’ म्हणून महिनोन्‌महिने फुकट राबवून घेऊ देऊ नये. बाकी रजा, सुट्टी, गणवेश मालकाशी बोलून मिटते. दिवाळीत खोक्यांचे आकार बदलतात आणि मावशी कधीतरी काम सोडतात, अशा वेळी कोचने पुन्हा यावे, नवे फोटो लावावेत, नव्या माणसाशी गाठ घालून द्यावी आणि परत कधी जाणार ती तारीख येतानाच लिहून आणावी.