फ्रेंच सहकाऱ्यांकडे अभिप्राय मागायचा आहे? आधी एवढी तयारी करा

पुण्यातल्या टीमने गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तयार केलं आहे आणि पुढच्या आठवड्यात ते लियोंच्या ग्राहकाला विकायचं आहे, असं धरू या. त्याआधी तिथल्या चार फ्रेंच सहकाऱ्यांपुढे वीस मिनिटांची तालीम होणार आहे. सगळे स्लाइड्सवर रात्र जागवतात, पण तालमीनंतर काय विचारायचं हे कोणी लिहून ठेवत नाही. मग शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं जातं, तिकडून ‘नों, से ब्याँ’, म्हणजे ‘नाही, ठीक आहे’, येतं आणि कॉल बंद होतो. हातात काहीच पडत नाही, म्हणून तयारी इथूनच सुरू करायची.

पहिलं काम म्हणजे वेळ बघणं. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेचार. तिथे बाराच्या सुमारास जेवायची वेळ होते. आपल्याकडे उन्हाळ्यात तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळे ही गोष्ट लक्षातच येत नाही. तालीम बाराला संपत असेल तर थांबून सविस्तर बोलायला कोणी तयार नसतं. ती तिथल्या सकाळी दहाला ठेवा आणि आमंत्रणातच शेवटची दहा मिनिटं अभिप्रायासाठी राखून ठेवा.

मग कोणाला विचारायचं ते ठरवा. चौघांना एकत्र विचारलं की सगळ्यात ज्येष्ठ माणूस बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. म्हणून दोघं निवडा, एक विक्रीतला आणि दुसरा तांत्रिक बाजूचा, आणि त्यांना आदल्या दिवशीच कळवा. वाक्य साधं ठेवा: ‘त्यु पूरे म फेर अँ रतूर स्युर ला प्रेझाँतासियों?’, म्हणजे प्रेझेंटेशनबद्दल मला अभिप्राय देशील का. ‘रतूर’ हा ऑफिसातला रोजचा शब्द आहे. ‘पूरे’ हे क्रियापदाचं नम्र रूप आहे, ते सोडू नका. ‘ज व’, म्हणजे ‘मला पाहिजे’, असं म्हटलं तर तो हुकूम वाटतो. बरोबरीच्या सहकाऱ्याशी बहुतेक ठिकाणी ‘त्यु’, म्हणजे ‘तू’, चालतं, पण तो माणूस तुम्हाला ‘वू’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणत असेल तर तुम्हीही ‘वू’च म्हणा आणि एकाच वाक्यात दोन्ही मिसळू नका. सगळ्यांना मिळून बोलताना मात्र ‘वू’च, कारण ते अनेकवचनही आहे.

आता प्रश्न. खरी मेहनत इथे आहे आणि ती कागदावर करायची आहे. फ्रेंच लोक कोणत्याही मांडणीकडे दोन बाजूंनी पाहतात: ‘ल फों’ म्हणजे आशय, मुद्दे, युक्तिवाद, आणि ‘ला फॉर्म’ म्हणजे सादरीकरण, बोलण्याचा वेग, स्लाइड्स. शाळेतल्या निबंधापासून ही विभागणी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून ‘कसं वाटलं?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘स्युर ल फों’ आणि ‘स्युर ला फॉर्म’ असे दोन वेगळे प्रश्न करा. तांत्रिक माणसाला आशयाबद्दल विचारा आणि विक्रीवाल्याला सादरीकरणाबद्दल. त्याहूनही नेमका प्रश्न म्हणजे ‘आ केल मोमाँ त्यु आ देक्रोशे?’, तुझं लक्ष नेमकं कुठे सुटलं. ह्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तरच देता येत नाही, म्हणून हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. विक्रीसाठी आणखी एक हवा: तू ग्राहक असतास तर कशापाशी अडखळला असतास? फ्रेंचमध्ये ‘सी त्यु एते ल क्लियाँ, केस्की त फरे एझिते?’ हे वाक्य तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणा. ऐनवेळी जुळवायला गेलात तर क्रियापदाचं रूप हमखास निसटतं.

‘माझ्या फ्रेंचबद्दल काय?’ हा प्रश्न ह्यात मिसळू नका. तो निघाला की समोरचा तुमच्या भाषेचं कौतुक करतो आणि प्रेझेंटेशनचा विषय तिथेच राहतो. भाषेबद्दल वेगळ्या वेळी, एकाच माणसाला, अर्थ कळायला अडथळा आणणाऱ्या चुकांपुरतंच विचारा.

प्रश्न कधी विचारायचे हेही ठरवून ठेवा. लगेचचा अभिप्राय म्हणजे ‘आ शो’ आणि थोडं थांबून दिलेला ‘आ फ्र्वा’. दोन्ही घ्या. दहा मिनिटांत पहिली छाप कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचा निरोप पाठवला की विचार करून दिलेलं उत्तर येतं.

उत्तर ऐकायचीही तयारी लागते, कारण शब्द फसवतात. ‘पा माल’ म्हणजे ‘वाईट नाही’ असं वाटतं, पण बऱ्याचदा ती चक्क पसंती असते. ‘पा तेरीब्ल’ ऐकून ‘म्हणजे भयंकर नाही’ असा दिलासा घेऊ नका, त्याचा अर्थ ‘विशेष काही जमलं नाही’ असा होतो. ‘से पेर्फेक्तीब्ल’ म्हणजे अजून बरंच काम बाकी आहे. कौतुक थोडं आणि सूचना जास्त, असं झालं तरी घाबरू नका. तिथे शाळेत वीसपैकी गुण देतात आणि बारावीच्या तोडीच्या शेवटच्या परीक्षेत, म्हणजे बाकालोरियात, सोळा मिळाले तरी ‘अतिशय चांगले’ असा शेरा मिळतो. पूर्ण गुण वाटायची सवयच नसते.

आता तालीम होऊन विक्रीवाला म्हणाला, ‘से पा माल, मे सा माँक अँ प द स्त्र्युक्त्युर’. छान आहे, पण रचना थोडी कमी पडते. इथे ‘मेर्सी’ म्हणून थांबलात तर काय बदलायचं ते कळणार नाही. लगेच ‘आ केल आँद्र्वा?’, म्हणजे कुठल्या जागी, असं विचारा. तो सांगेल की तुम्ही पहिल्याच स्लाइडवर सॉफ्टवेअर दाखवलं आणि गोदामात माल हरवतो ही ग्राहकाची अडचण पाचव्या स्लाइडवर आली, शिवाय पुढे काय काय येणार हे सुरुवातीला सांगितलंच नाही. हा आक्षेप तिथे नेहमी येतो, कारण आधी प्रश्न मांडायचा आणि मग मांडणीचा आराखडा जाहीर करायचा, असं ते शाळेत शिकलेले असतात. मग ‘सी ज कोंप्राँ ब्याँ’, म्हणजे ‘मला नीट कळलं असेल तर’, असं म्हणून त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा. तो ‘व्वाला’ म्हणाला की मुद्दा पक्का झाला. कारणं देऊ नका. ‘पुण्यात आम्ही असंच करतो’ म्हटलं तर वाद सुरू होईल, कारण तिथे वाद घालणं हाही बोलण्यातला रस आहे, आणि तुमची उरलेली सात मिनिटं त्यातच जातील. ‘से नोते’, म्हणजे ‘नोंद घेतली’, एवढंच म्हणा आणि लिहून घ्या.

लिहायला वही जवळ हवी आणि पानावर आधीच दोन रकाने आखलेले हवेत, फों आणि फॉर्म. आपल्या टीममधला दुसरा कोणी ऐकत असेल तर नोंदीचं काम त्याच्याकडे द्या, कारण फ्रेंच ऐकणं आणि मराठीत लिहिणं एकाच वेळी जमायला बरीच सवय लागते.

दुरुस्ती झाल्यावर त्या दोघांना बदललेल्या पहिल्या दोन स्लाइड्स पाठवा आणि सोबत एवढंच लिहा: ‘जे तन्यु कोंत द ता रमार्क’, तुझी सूचना लक्षात घेतली. ग्राहकाची बैठक होण्याआधी त्यांनी एकदा नजर टाकावी म्हणून हा निरोप निदान दोन दिवस आधी जायला हवा.