ड्रोनची सावली फोटोतून काढताना या चुका टाळा

डिसेंबरमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास गुहागरच्या वाळूवर आठ मीटर उंचीवरून, कॅमेरा सरळ खाली रोखून मी एक फोटो घेतला आणि त्याच्या कोपऱ्यात ड्रोनचीच सावली आली. त्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून जवळपास पन्नास अंशांवर असतो, त्यामुळे सावली ड्रोनच्या खालच्या बिंदूपासून चाळीस अंश बाजूला पडते, आणि नेहमीच्या 24 मिमी समतुल्य लेन्सचा कोपरा साधारण तिथेच संपतो. मे महिन्यात हीच सावली चौकटीच्या मधोमध आली असती.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सावलीला भोक समजून तिच्यावर शेजारची वाळू क्लोन ब्रशने चिकटवणे. मीही आधी तेच केले, आणि खेकड्याची तीच दोन बिळे त्याच तिरक्या अंतरावर तीन ठिकाणी दिसू लागली. सावलीखालची वाळू हरवलेली नसते, तिच्यावर फक्त ऊन कमी पडलेले असते; म्हणून ती झाकण्याऐवजी उजळवावी.

त्यासाठी सावलीवर मास्क करून एक्स्पोजर वाढवावे. मात्र एवढ्यावर थांबल्यास तिथे निळसर डाग राहतो, कारण सावलीत सूर्याचा प्रकाश घटून आकाशाच्या निळ्या प्रकाशाचा वाटा वाढलेला असतो. रंगतापमान थोडे पिवळ्याकडे सरकवले की वाळू शेजारच्या वाळूशी जुळते. रॉ फाइल असेल तर हे सहज होते. जेपेगमध्ये रंग लवकर फाटतो.

दुसरी चूक मास्कच्या कडेची आहे. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती असल्यामुळे ड्रोनपासून तिरक्या साडेदहा मीटर अंतरावर सावलीची कड सुमारे दहा सेंटिमीटर रुंद आणि धूसर होते. माझ्या 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर जमीन होती, म्हणून मास्कची कड 30 ते 40 पिक्सेल मऊ ठेवावी लागली. कड टणक ठेवली तर सावली जाते, पण तिच्याभोवती उजळ कडे उरते. शिवाय ड्रोनच्या बारीक दांड्या सूर्याची चकती पूर्ण झाकत नाहीत, त्यामुळे त्यांची सावली फिकट असते. तिथे मधल्या भागाइतके उजळवू नये. काम झाल्यावर कॉन्ट्रास्ट तात्पुरता भरपूर वाढवून पाहावा, राहिलेला डाग लगेच उघडा पडतो.

पंख्याच्या टोकाला हा उपाय चालत नाही. समोरच्या वाऱ्यात ड्रोन पुढे झुकतो आणि आडव्या रोखलेल्या कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात पाते शिरते. तिथले आकाश खरोखर झाकले जाते, म्हणून ते भरावेच लागते. नमुना मात्र त्याच उंचीवरच्या आकाशातून, आडवे सरकून घ्यावा, कारण आकाश क्षितिजाकडे फिकट होत जाते आणि खालून घेतलेला तुकडा पांढुरका ठिगळासारखा दिसतो. पाते कोपऱ्यातच असेल तर मी सरळ चौकट कापतो.