लॉजच्या नोंदणी फॉर्मचं मराठी करताना

लॉज किंवा होमस्टेचा फॉर्म मराठीत करताना 'भेटीचा उद्देश' असं छापू नका. कोणाला भेटायचंय असं समजून पाहुणे मावशीचं नाव लिहितात. 'येण्याचं कारण' लिहा आणि खाली पर्याय द्या: पर्यटन, कामकाज, उपचार, लग्नकार्य.

'गंतव्यस्थान'ही तसंच फसतं. पणजीत उतरलेला पाहुणा तिथे 'मंगेशी' लिहितो, कारण दुपारी तिकडेच जायचं असतं. विचारायचं असतं ते खोली सोडल्यानंतरचं गाव. म्हणून 'इथून निघाल्यावर कुठे जाणार? (गाव/शहर)' असं सरळ विचारा.

सगळ्यात जास्त काळजी 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात घ्या. 'पासपोर्ट कोणत्या देशाचा?' हाच प्रश्न हवा. गोव्यात जन्मलेला, घरी कोकणी बोलणारा, पण पोर्तुगालचा पासपोर्ट असलेला माणूस मनापासून 'भारतीय' लिहितो. कागदोपत्री तो परदेशी नागरिक, आणि परदेशी पाहुण्याची माहिती तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. उत्तर चुकलं तर काउंटरवरच्या मुलाला ते कळतही नाही. त्यामुळे हा रकाना पासपोर्ट समोर ठेवूनच भरून घ्या.